कोठडीतली सही आणि मशीनचा निकाल

एखादा खून गाजला की नागपुरात पानठेल्यापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच मागणी ऐकू येते. "नार्को करा ना त्याची, सगळं बाहेर येते." फौजदारी वकिली करताना हे वाक्य मी सतत ऐकतो, आणि ऐकलं की मला काळजी वाटते. म्हणून आज नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ या तपासातल्या चाचण्यांबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

मागे एका आरोपीचे वडील जिल्हा न्यायालयाच्या आवारात मला म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगा निर्दोष आहे. तुम्हीच अर्ज टाका ना, बसवा त्याला मशीनवर. आमच्याजवळ लपवासारखं काही नाही." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण मी त्यांना पुण्याचा खटला सांगितला.

2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एमबीएच्या एका विद्यार्थिनीला जन्मठेप दिली. पूर्वीच्या वाग्दत्त वराला आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप होता. पुराव्यात तिच्या ब्रेन मॅपिंगचा अहवाल होता आणि निकालात त्याचा आधार घेतला गेला. ही चाचणी अशी होते: डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि डोळे मिटून बसायला सांगतात. मग "मी आर्सेनिक विकत घेतलं" अशी प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवतात. उत्तर द्यायचंच नसतं. मेंदूतल्या विद्युत लहरी संगणक वाचतो आणि हे कृत्य तुम्ही स्वतः 'अनुभवलं' आहे का, ते सांगतो. निदान दावा तरी तसा आहे.

आता विचार करा. जिची चौकशी झाली आहे, जिला तोच आरोप पुन्हा पुन्हा ऐकवला गेला आहे, तिच्या मेंदूला ते वाक्य अनोळखी कसं राहील? केलेल्या गोष्टीची आठवण आणि चौकशीत ऐकलेल्या, पेपरात वाचलेल्या, मनात हजारदा घोळवलेल्या गोष्टीची आठवण, यांतला फरक लहरींवरून खात्रीने सांगता येतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही. त्याच सुमारास बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये असं सांगितलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलीची शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे तिने चाचणीला होकार दिला होता. सहीने मशीन खरं होत नाही. खोटं पकडणारं मशीन म्हणवणाऱ्या पॉलिग्राफचंही तेच आहे. तो श्वास, रक्तदाब, नाडी, तळहाताचा घाम मोजतो. खोटं मोजत नाही. पोलिसांसमोर घाबरलेल्या निर्दोष माणसालाही घाम फुटतोच. नार्कोत पेंटोथाल या गुंगीच्या औषधामुळे माणूस अर्धवट गुंगीत जातो, बोलायचा संकोच सुटतो. पण त्या अवस्थेत तो विचारणाऱ्याच्या सूचनांनाही बळी पडतो. कल्पना, ऐकीव माहिती, खरी आठवण सगळं मिसळून बाहेर येतं, आणि प्रश्न जसा विचाराल तसं उत्तर वळतं.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' निकालात या तिन्ही चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. घटनेच्या कलम 20(3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, आणि कलम 21 माणसाच्या मनाचा खासगीपणाही जपतं. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षसुद्धा आपोआप पुरावा होत नाही, कारण उत्तरं देताना माणसाचा त्यांच्यावर जाणीवपूर्वक ताबा नसतो. वाट एकच उघडी आहे: स्वेच्छेच्या चाचणीतल्या माहितीवरून पुढे हत्यारासारखी एखादी वस्तू सापडली, तर पुरावा कायद्याच्या तेव्हाच्या कलम 27 नुसार ती दाखल होऊ शकते.

आता 'स्वेच्छा' म्हणजे काय, ते बघा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2000 सालच्या मार्गदर्शक सूचना सेल्वीत बंधनकारक केल्या गेल्या. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची. आरोपीसोबत वकील हवा. शरीरावर, मनावर आणि खटल्यावर काय परिणाम होईल ते आधी समजावून सांगायचं. माणूस किती दिवस कोठडीत आहे आणि त्याची चौकशी कशी झाली, हेही दंडाधिकाऱ्याने विचारात घ्यायचं. मला या सूचनांमधली हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण "नाही म्हटलंस तर तूच गुन्हेगार" हे ऐकत कोठडीत बसलेल्या पोराच्या सहीला मी संमती मानायला तयार नाही.

तरीही पंधरा वर्षांनी बिहारच्या एका प्रकरणात तोच प्रश्न उभा राहिला. जामीन अर्जाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को करू, असं पोलिसांनी सांगितलं आणि पाटणा उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. जून 2025 मध्ये 'अमलेश कुमार' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आरोपीला स्वतःहून नार्को मागण्याचा निरपवाद हक्क नाही, असंही त्यात स्पष्ट केलं. बचावाचा पुरावा देण्याच्या टप्प्यावर तो मागणी करू शकतो. मग संमती आणि सुरक्षेची सगळी काळजी तपासून न्यायालय ठरवेल.

त्या वडिलांना मी हेच सांगितलं. चाचणी पोराच्या बाजूने गेली तरी तेवढ्यावर तो सुटणार नाही, आणि विरुद्ध गेली तर मशीनने सांगितलं म्हणून सगळा तपास त्याच्याच मागे लागेल. त्यापेक्षा त्या रात्रीचं मोबाईल लोकेशन आणि दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं जाण्याआधी जपून ठेवायचा अर्ज आधी टाकू. त्यांनी वकीलपत्रावर सही केली आणि आम्ही तो अर्ज लिहायला बसलो.