‘आणि’ हरवल्याची गोष्ट

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस भुसावळला साजरा होणार होता, आणि त्यात आम्ही उभयतांनी नाचावे असे सौ.ने परस्पर जाहीर करून टाकले. आम्ही जळगावात आठ रविवार एका लॅटिन नृत्यवर्गाला गेलो होतो, एवढेच काय ते आमचे भांडवल. नाचायचे तर वर्गातल्याच गाण्यावर, हे दोघांनाही मान्य होते. अडचण इतकीच, की त्या गाण्याचे नाव दोघांनाही ठाऊक नव्हते. पुण्याहून येणाऱ्या सरांना फोन केला, तर त्यांच्या पेनड्राइव्हवर ते गाणे ‘Track 07’ या नावाने नांदत होते आणि तो पेनड्राइव्ह हरवला होता.

चाल गुणगुणून दाखवली की गाणे ओळखून देणारी सोय हल्ली फोनमध्ये असते. माझ्या गुणगुणण्यावर मात्र तिने एक भक्तिगीत सुचवले. माझ्या लक्षात होती ती फक्त पावले, आणि सरांची मोजणी: “दोन, तीन, चार, एक.”

ही मोजणी दोनपासून का सुरू होते, याचे मला वर्गातही नवल वाटत असे. तबला वाजवणाऱ्या नानांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की समेवरच उठायचे असे थोडेच आहे. आणि त्यांनी मला वेग मोजायला बसवले. चार मात्रांचे एक आवर्तन धरून मी डोळे मिटून वर्गातल्या आठवणीतल्या वेगाने पावले टाकायची, आणि दर आवर्तनाला एक शेंगदाणा या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. पहिल्या मिनिटाला चोवीस शेंगदाणे भरले, कारण चिरंजीव शेजारी बसून खात होते. त्यांना बाहेर पाठवल्यावर आकडा सव्वीसवर स्थिरावला, आणि पुन्हा मोजले तरी सव्वीसच आला.

नृत्यस्पर्धांमध्ये रुंबा या लॅटिन नाचाचे संगीत मिनिटाला 25 ते 27 आवर्तनांच्या वेगाने वाजते, आणि त्याची मोजणीही दोनपासूनच होते. मग काय, पुरावा पक्का झाला! पुढचे चार दिवस मी रात्री जेवण झाले की रुंबाची गाणी लावून फरशीवर सरकत होतो. सगळी विरहाची, सगळी संथ. प्रत्येक गाण्यात चौथ्या मात्रेवर टाकलेले पाऊल पुढची मात्रा संपेपर्यंत खुशाल रेंगाळत होते. माझे पाय मात्र तिथेच अस्वस्थ होऊन आणखी काहीतरी करू पाहत होते. मी हा दोष वयाला दिला. नानांनी एकदा डोकावून निकाल दिला: “मोजणं बरोबर शे भो, पन काहीतरी राही गये.”

काय राहिले ते पाचव्या रात्री सौ.ने कपाटातून तुटक्या पट्ट्याची सँडल काढून दाखवले. “अहो, ही तुटली ती त्या घाईच्या तीन पावलांत. इथे घाई कुठे आहे?”

घाई ‘आणि’मध्ये होती. सर “दोन, तीन, चार-आणि-एक” असे म्हणत असत. रुंबात चार मात्रांना तीन पावले. पण हा ‘आणि’ चौथ्या मात्रेचे दोन तुकडे करतो, प्रत्येकावर एक पाऊल पडते, आणि पावले पाच होतात. तो नाच म्हणजे चा-चा-चा. एका उभयान्वयी अव्ययाने माझ्या चार रात्री खाल्ल्या होत्या.

तरी कोडे सुटेना, कारण चा-चा-चाचा वेग मिनिटाला 30 ते 32 आवर्तने असतो, आणि माझे शेंगदाणे सव्वीसच होते. मग आठवले, की सर प्रत्येक वेळी गाणे लावण्याआधी फोनवर काहीतरी दाबून “नवख्यांसाठी जरा हळू” असे म्हणत. हल्ली सूर न उतरवता वेग कमी करता येतो, त्यामुळे कानाला फसवणूक कळतच नाही. वेग चार-पंचमांश केला असावा असे धरून सव्वीसला 0.8 ने भागले, तर साडेबत्तीस आले. एखाद्या शेंगदाण्याची चूक सोडली, तर हिशेब जुळला.

मात्र एवढ्याने फक्त नाच ठरतो. त्या वेगाची गाणी ढिगाने निघतात. मग दोघांनी खुणा आठवल्या. सौ.ला सुरुवातीची पेटीसारखी वाजणारी धून आणि मागे सतत चाललेली, ओले खोबरे खवल्यासारखी खरखर आठवत होती. ती खरखर खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासून काढतात. मला आठवत होती ती मध्येच सगळ्या वाद्यांनी मिळून ठासून वाजवलेली एक ओळ, जिथे सर हात वर करत. या तीन खुणांवर तासाभरात गाणे सापडले: टिटो पुएन्ते यांचे 1962 सालचे ‘ओये कोमो वा’, 1970 साली सान्ताना यांनी ऑर्गन आणि गिटारवर वाजवलेले.

आनंदाच्या भरात ते मूळ वेगाने लावले. तिसऱ्या आवर्तनाला सौ. कपाटाशी पोहोचली होती आणि मी अजून ‘आणि’वर होतो. गाणे बंद करून ती धापा टाकत म्हणाली, “भावजींकडे हे 0.8 वरच लावायचं. आणि ते शेंगदाणे संपवून टाका, खवट होतील.”