पांढरा डबा, काळा डबा आणि काचेची म्हैस

आमच्या घरात केक मी करतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरात गड्यानं मटण केलं तर कौतुक होतं आणि केक केला तर चौकशी होते. केकही मला एकच येतो, कणीक आणि गुळाचा. दीड वाटी कणीक, वाटीभर किसलेला गूळ, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, सोडा, बेकिंग पावडर आणि वेलची. कृती पुण्याच्या वहिनीची. सात इंची अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा डबा, ओटीजी १८० वर तापलेला, ४० मिनिटं. चार वर्षं हा केक मी डोळे झाकून केला आणि त्यालाच माझं कौशल्य समजत होतो.

मग दिवाळीत तो डबा शेजारच्या काकूंकडे फराळ घेऊन गेला आणि तिकडंच रमला. डबा मागायला गेलं की काकू चहा टाकतात, आणि चहा पिऊन झाल्यावर डबा मागण्याइतका कोडगेपणा माझ्यात नाही.

त्यामुळं लक्ष्मीपुरीतून नवा डबा आणला. आतबाहेर काळाकुट्ट नॉनस्टिक. दुकानदार म्हणाला, "नाद खुळा डबा हाय, चिकटणार नाही." खोटं बोलला नाही तो. केक चिकटला नाही. पंचविसाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला, दार उघडलं, तर कडा कोळशासारख्या आणि मधोमध जोतिबाचा डोंगर. डोंगराला भेग पडलेली आणि भेगेतून कच्चं पीठ वर येत होतं. आईनं चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, "भाजलास का जाळलास रं?"

मुलीनं मात्र कोळसा बाजूला काढून मधला गोळा चमच्यानं संपवला. "मी खातो की पप्पा, टेन्शन नको घेऊ."

आता यात गूढ काही नाही. एप्रिलात भर दुपारी बिंदू चौकात एकदा पांढरा शर्ट घालून उभं राहावं आणि एकदा काळा. ओटीजीतल्या लाल झालेल्या कांड्या म्हणजे ते ऊन. पांढरा चकचकीत डबा त्यातलं बरंचसं परतवून लावतो, काळा सगळं अंगात मुरवून घेतो. मग त्याला टेकलेलं पीठ आधी शिजून घट्ट होतं, म्हणजे कडेला फुगायची सोय संपते. उरलेलं ओलं पीठ जागा शोधत मधून वर चढतं आणि जोतिबा तयार होतो. ओटीजी लहान असेल तर कांड्या डब्याच्या अगदी उरावर असतात, त्यामुळं हे आणखी लवकर होतं. त्यात माझा केक गुळाचा. गूळ साखरेपेक्षा लवकर लालसर होतो, आणि पीठ मुळातच तपकिरी, त्यामुळं रंगावरून काही कळायची सोय नाही. नाकावर भिस्त ठेवावी, तर नाक सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो.

काळा डबा माळ्यावर गेला आणि लग्नातली काचेची डिश खाली आली. काच काळी नाही, म्हणजे १८० आणि ४० चालेल, असा माझा हिशेब. चाळिसाव्या मिनिटाला काडी घातली, तर नुसतं पीठ लागून आली. उशीर होतोय म्हटल्यावर माणूस काय करतो? आच वाढवतो. मी २०० केलं. पंधरा मिनिटांनी मधला भाग कसाबसा झाला आणि डिशच्या तळातून मला माझा गुन्हा लख्ख दिसला. खालचा थर पापडासारखा झाला होता. काचेचा हा एक गुण मानला पाहिजे, ती काही लपवत नाही.

तशीच गरम डिश उचलून ओट्यावर टेकवणार, तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अहो, ओटा ओला आहे!" मी दचकून डिश हातातच धरली, हात भाजला, पण डिश वाचली. तापलेली काच ओल्या किंवा गार कडाप्प्यावर ठेवली तर तडकू शकते. लाकडी पाट नाहीतर जाड कोरडा कपडा हवा.

काच म्हणजे म्हैस आहे हे मला त्या रात्री हात पाण्यात बुडवून बसल्यावर उमगलं. रंकाळ्यात म्हैस सोडा. आत जायला वेळ लावते, पण एकदा बसली की तिला बाहेर काढणं तुमच्या बापाला जमत नाही. काचेतून उष्णता सावकाश जाते, त्यामुळं सुरुवातीला केक मागं पडतो. पण एकदा तापली की काच ती धरून ठेवते आणि कडेच्या पिठाला सोडत नाही. ओव्हन बंद केला, डिश बाहेर काढली, तरी तिचं भाजणं आतल्या आत चालूच असतं. म्हणून ती मंद आहे म्हणून आच वाढवायची नाही, उलट कमी करून वेळ द्यायचा. हे माझ्या डोक्यात शिरायला तीन केक लागले.

तिसरा यासाठी, की कुठंसं वाचलं होतं, काच किंवा काळा डबा असेल तर आच २५ अंशांनी उतरवा. मी इमानदारीत १८० चं १५५ केलं. केक झाला, पण फिकट आणि बसका, जणू घरात कुणी वारलंय. मग कळलं की ते २५ अंश अमेरिकेतले, म्हणजे फॅरनहाइटचे. आपल्या सेल्सिअसमध्ये ते जेमतेम १४-१५ भरतात. तिकडचं ३५० चं ३२५ म्हणजे आपलं साधारण १७७ चं १६३. थोडक्यात, १६५.

चौथ्यांदा काळा डबा काढला, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली, चकाकती बाजू बाहेर, म्हणजे काळ्या शर्टावर पांढरं उपरणं. मधल्या कप्प्यात ठेवला आणि १६५ वर पंचविसाव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी काडी घातली. तीस मिनिटांनी काडीला ओलं पीठ नव्हतं, दोन-चार ओलसर कण होते. काढला. माथा सपाट, कडा मऊ. आईनं दोन तुकडे खाल्ले आणि काहीच बोलली नाही. आमच्याकडं याला पसंती म्हणतात.

काचेत त्याच १६५ वर बावन्न मिनिटं लागली. तिथं काडी कोरडीठाक होईपर्यंत थांबायचं नाही, कारण म्हैस बाहेर आल्यावरही रवंथ करत राहते. तुमचा ओटीजी माझ्यासारखाच असेल असं नाही, तेव्हा बावन्नचा आकडा पाठ करू नका, काडी हातात ठेवा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू स्वतःहून आल्या. हातात माझा पांढरा डबा, आत आंबोळ्या. मला भरून आलं. आंबोळ्या काढल्या आणि डबा उजेडात धरला. बाहेरून काजळी, तळाला डांबरासारखा थर.

"चुलीवर पाणी तापवायला लई सोयीचा पडला बघ," काकू म्हणाल्या.

मी चहा टाकला, ओटीजीची कळ १८० वर नेली, डब्याकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि गुपचूप १६५ वर आणून ठेवली.