चांदणीला पाच टेकू

नवरात्र संपता संपता जो माणूस 'यंदा आकाशकंदील घरीच करायचा' असं जाहीर करतो, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त कागद असतो. लाल घ्यावा की केशरी, शेपट्या पांढऱ्या की सोनेरी, यावर घरात दोन रात्री चर्चा चालते. बांबूचा विषय कोणीच काढत नाही. आणि कंदिलाची चांदणी तर सगळी बांबूतच असते. कागद हा वरचा दिखावा झाला. आत कामट्यांनी एकमेकींना धरलं नसेल, तर कितीही सुंदर कागद लावा, तिसऱ्या दिवशी गॅलरीत काहीतरी रंगीत लोंबताना दिसतं.

पुण्यात कामट्यांसाठी बुरूड आळी गाठावी लागते. तिथल्या बुरुडाने मला विचारलं, "कशाला पाहिजेत?" मी म्हटलं, "आकाशकंदिलाला." त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बारा घेऊन जा." चांदणीला लागतात दहा. वरच्या दोन त्याने माझ्या हातांकडे बघून वाढवल्या होत्या.

कामटी साठ सेंटिमीटर लांब, करंगळीपेक्षा अरुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड असावी. तिच्या एका बाजूला बांबूची गुळगुळीत साल असते, ती तिची पाठ. दुसरी खरखरीत बाजू म्हणजे पोट. बांबूचे मजबूत तंतू पाठीकडे दाट असतात, पोटाकडे विरळ. म्हणून वाकवताना पाठ बाहेर राहिली तर कामटी निमूट वाकते, पोट बाहेर आलं की त्याच्या चिरफळ्या निघतात. शिवाय ती रात्रभर पाण्यात भिजलेली हवी. आता साठ सेंटिमीटरची वस्तू बादलीत आडवी मावत नाही आणि उभी ठेवली तर अर्धीच भिजते. त्यामुळे मोरीचं भोक फडक्याने बुजवून तिथेच तळं केलं. सकाळी आंघोळीला गेलेली आई तशीच परत आली आणि शांतपणे म्हणाली, "आत होडी बांधतोयस का?"

भिजल्या कामट्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. दोन्ही टोकांपासून तेवीस-तेवीस सेंटिमीटरवर एकेक खूण केली की मध्ये चौदा उरतात. या खुणांवरच कामट्या एकमेकींना छेदणार असतात. नववीतली माझी मुलगी हे बघत होती. तिने कॅल्क्युलेटर काढला, साठला सदतीसने भागलं, सदतीसला तेवीसने, तेवीसला चौदाने, आणि ओरडली, "बाबा, सगळीकडे एक पूर्णांक सहा दशांशच्या आसपास येतंय! हे गोल्डन रेशोचं आहे!" तिचं बरोबर होतं. पंचकोनी चांदणीत ते गुणोत्तर असतंच. मी तिला म्हटलं, "आता ही कामटी धर." तेव्हा तिला आठवलं की गणिताचा अभ्यास राहिलाय.

तर पाच कामट्यांची एक चांदणी. इथे कामट्या नुसत्या एकीवर एक रचायच्या नाहीत, विणायच्या. प्रत्येक कामटी वाटेत दोघींना भेटते; एकीच्या वरून जायचं, दुसरीच्या खालून. असं केलं की चांदणी स्वतःच स्वतःला धरते आणि पाच टोकं बांधेपर्यंत मांडीवरून पळून जात नाही. बांधायला जाड सुती दोरा घ्यावा, तोही ओला करून. सुतळीची गाठ इतकी जाड होते की पुढे कागद तिच्यावर टेंगूळ आल्यासारखा दिसतो. मधले पाच छेद आधी सैल बांधायचे आणि मग शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. पाचही ठिकाणी सदतीस सेंटिमीटर भरलं पाहिजे. एकीकडे एकोणचाळीस भरलं तर समजावं की दुसरीकडे कुठेतरी पस्तीस दडून बसलंय. छेद जरा सरकवायचा, पुन्हा मोजायचं, जमलं की गाठी आवळायच्या. हे सगळं झालं की दुसरी चांदणी.

मग दोन्ही चांदण्या पोटाला पोट लावून एकमेकींवर ठेवायच्या आणि पाचही टोकं जोडीने बांधायची. आत्तापर्यंत हातात एक सपाट, निरुपद्रवी वस्तू असते. घरचे येऊन "झालंच की!" म्हणून जातात. खरा खेळ इथून पुढे आहे.

या दोन चांदण्यांच्या मध्ये, आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांवर पाच टेकू घालायचे. टेकू म्हणजे बांबूचा आखूड तुकडा, दोन्ही डोक्यांना खाच पाडलेला, म्हणजे कामट्या त्या खाचेत बसतात. टेकू आत गेला की पुढची चांदणी पुढे फुगते, मागची मागे, आणि सपाट वस्तूला पोट येतं. टेकू किती लांब घ्यायचा, यावर सगळं ठरतं, आणि नेमकं यावरच प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. आमच्याकडे तो शेजारून येतो.

मी कापलेले चौदा सेंटिमीटरचे टेकू बघून शेजारचे काका म्हणाले, "चौदा? अहो, चौदाने काय होतंय! कंदील कसा गुबगुबीत पाहिजे. वीस घाला." मी म्हटलं, "काका, कामटी तेवढी वाकायची नाही." त्यावर, "आमच्या वेळी वाकायच्या," असं म्हणून त्यांनी स्वतः वीसचा टेकू कापला, खाच पाडली आणि गुडघा टेकवून आत ढकलला. कामटी वाकली. आणखी वाकली. मग 'चट्' असा आवाज आला आणि काका म्हणाले, "तुमचा बांबूच हलका आहे."

बांबू हलका नव्हता. कामटी तुटली ती बरोबर गाठीवर. बांबूच्या गाठीत तंतू वाकडेतिकडे जातात, तिथे कामटी वाकत नाही. सगळा बाक मग गाठीच्या कडेला गोळा होतो आणि तिथे ती मोडते. म्हणून गाठ तेवीसच्या खुणेजवळ येणार नाही अशाच कामट्या निवडायच्या असतात, आणि एवढं बघूनही वीसचा टेकू घालायचा नसतो. एक कामटी बदलायची म्हणजे दोन टोकं आणि दोन छेद, अशा चार ठिकाणच्या गाठी सोडायच्या. ओल्या दोऱ्याची गाठ वाळली की नखाने सुटत नाही, ब्लेडच लागतं. त्या वेळी मला बुरुडाची फार आठवण झाली. मनातल्या मनात मी त्याला नमस्कारही केला.

चौदाच का, याचं उत्तर मी काकांना दिलं नाही, इथे देतो. आतल्या पंचकोनाची बाजू चौदा असते. टेकूही चौदाचाच घेतला, तर पुढचे पाच, मागचे पाच आणि कडांचे दहा, असे वीसच्या वीस त्रिकोण एकाच मापाचे होतात: पाया चौदा, बाजू तेवीस-तेवीस. पुठ्ठ्याचा एकच साचा कापायचा आणि त्यावरून सगळे त्रिकोण कापायचे; पुढचा आणि मागचा पंचकोन तेवढा वेगळा. टेकू वीसचा घेतला की कडेचा त्रिकोण वेगळा, पुढचा वेगळा, आणि कापून ठेवलेल्या ढिगातून कुठला कुठे लावायचा यावरून घरात जो वाद होतो तो भाऊबीजेपर्यंत मिटत नाही.

टेकू घालतानाही शेजारी-शेजारी घालत जाऊ नये, चांदणीला पीळ पडतो. एक घालून दोऱ्याने बांधायचा, मधला कोपरा सोडून पुढचा घालायचा. तिसऱ्यापर्यंत सगळे ऐकतात. चौथा घालायला गेलं की पहिला उडून टीव्हीखाली जातो, म्हणून तर बांधायचं. पाचवा मात्र शेवटपर्यंत नाही म्हणतो. तो बसला की हातातली चीज एकदम बदलते; सगळ्या कामट्या ताणल्या जातात, टिचकी मारली तर टणक आवाज येतो. मग सांगाडा एका टोकाने टांगून कडेने बघायचा. पाचही टोकं एका रेषेत दिसली तर पीळ नाही. आमचं एक टोक जरा बाहेर डोकावत होतं. बायको म्हणाली, "ते बिल्डिंगच्या बाजूला करू, रस्त्यावरून दिसणार नाही."

कागदाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसं संकट नाही. पतंगी कागद घ्यावा. साच्याभोवती दीड सेंटिमीटर जास्त ठेवून कापावा आणि खळ कागदाला न लावता कामटीला लावावी. खळ मैद्याची: मैदा आधी गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. गरम पाण्यात टाकला की गुठळ्या. चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं लागत नाहीत, पण ते विष आहे. भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही. आमच्या आईने चमच्याला लाल दोरा बांधून ठेवला आणि तरी त्या दिवशी सगळ्यांना चहात साखर बोटाने ढवळायला लावली.

आधी कडांचे त्रिकोण, मग पुढचे, म्हणजे पुढच्या कागदाची दुमड कडेवर बसते आणि वर बेगडाची पट्टी लावली की जोड दिसत नाही. ओल्या खळीने कागदाला सुरकुत्या पडतात. त्या ओढून काढायच्या नाहीत, कागद वाळताना आपोआप ताणला जातो. हे घरात मोठ्या अक्षरात लिहून लावावं, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण एक सुरकुती ओढून बघतो आणि "फाटलाच होता" म्हणतो. मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेला चिकटवायचा. ती खिडकी. तिच्यातून दिवा आत जातो. ती विसरून चांदणी चारी बाजूंनी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ते दिवाळीत फार कमी बोलतात.

दिवा पाच वॅटचा एलईडी, पिवळ्या उजेडाचा. पूर्वीचा साठ वॅटचा बल्ब कागदाला टेकला तर कागद करपायचा. कंदिलाचं वजन सुतळीवर घ्यावं, वायर सैल सोडावी. खालच्या दोन टोकांना शेपट्या लावल्या की वाऱ्यात गिरक्या कमी होतात. परतीचा पाऊस आला तर मात्र काही उपाय नाही, आधी कंदील आत घ्यायचा आणि मग वाळत घातलेले कपडे. आमच्याकडे या क्रमावरून मतभेद आहेत.

तुळशीची लग्नं झाल्यावर कागद काढून टाकला, टेकू सोडवले. टेकू निघाले की चांदणी पुन्हा सपाट होते आणि कपाटामागे उभी राहते, हे या प्रकारचं सगळ्यात मोठं सुख. पाचही टेकू पिशवीत घालून मी माळ्यावर ठेवले होते. परवा त्यातला एक मिरचीच्या रोपाला आधार म्हणून कुंडीत उभा दिसला. मी बायकोला म्हटलं, "हा माझा मोजून कापलेला टेकू आहे." ती म्हणाली, "माहितीये. मिरचीलाही चौदाचाच लागत होता."