बीजपत्रं मापून वेल ओळखता येत नाही: डांगर, दुधी, काकडी आणि टरबुजाच्या रोपांबद्दल

«वेलवर्गाची रोपं ओळखायची सोपी युक्ती. १) उगवल्यावर पहिली दोन पानं बघा: मोठी असली तर डांगर, मध्यम असली तर दुधी, लहान असली तर काकडी. २) पहिलं खरं पान चिरलेलं नसेल तर ते टरबूज नाही. ३) पानावर पांढरे डाग दिसले की रोग समजा आणि रोप उपटा. ४) पहिलं पान चावून बघा, कडू लागलं तर फळ कडूच येणार.»

वेलवर्गाची रोपं ओळखायची ही युक्ती भरवशाची नाही. तिचे चारही मुद्दे एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा: माप

जी दोन पानं सगळ्यात आधी उघडतात ती बीजपत्रं. ती बियाच्या आतच तयार असतात. बी मोठं तर बीजपत्र मोठं, इतकं खरं आहे. पण वेलवर्गात बीजपत्रं उगवून झाल्यावरही वाढत राहतात. डांगराचं बीजपत्र जमिनीतून वर येताना जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं आणि आठ-दहा दिवसांत चार-पाच सेंटिमीटरपर्यंत जातं. म्हणजे तिसऱ्या दिवसाचं डांगर आणि दहाव्या दिवसाची काकडी शेजारी ठेवली तर मापात फरक उरत नाही. त्यात थंडीच्या रात्री, सावलीतला ट्रे, सुकलेला कोकोपीट यांपैकी काहीही झालं तरी माप बदलतं. तांबड्या भुंगेऱ्यांनी कडा खाल्ल्या असतील तर मापायला पूर्ण पानही हाती राहत नाही.

डांगर आणि दुधी यांच्यात तर माप पूर्णपणे निरुपयोगी आहे. दोघांची बीजपत्रं मोठी, लांबट गोल, जाड असतात आणि शिरा स्पष्ट दिसतात. खानदेशात कापसाचं बीजपत्र सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं, मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि बारीक काळ्या ठिपक्यांचं. त्यापासून वेलवर्ग लगेच वेगळा काढता येतो. पण वेलवर्गातल्या वेलवर्गात असं होत नाही.

या टप्प्यावर जास्त भरवशाची खूण मातीत असते. वेलवर्गाच्या रोपाला मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर एक छोटा खुंटा येतो. तो बियाच्या टरफलाची खालची कड दाबून धरतो आणि बीजपत्रं वर ओढली जाताना टरफल मागे राहतं. त्यामुळे रोपाच्या बुडाशी काडीने अर्धा-एक सेंटिमीटर माती बाजूला केली की बहुतेक वेळा टरफल सापडतं. बी फार वरवर लागलं असेल तर टरफल बीजपत्रांवर टोपीसारखं अडकून वर येतं. तेव्हा उकरायचीही गरज नाही, फक्त ती टोपी कोरडी असताना ओढू नका. ओली करून दहा मिनिटांनी काढा, नाहीतर बीजपत्र तुटतं.

टरफल हातात आलं की अर्धं काम झालं. डांगराचं बी चपटं, पांढरट, भोवती वेगळी उठून दिसणारी किनार. दुधीचं तपकिरी, लांबट, एका टोकाला चौकोनी वाटणारं आणि अंगावर लांबीने दोन उंच कडा असलेलं. कारल्याच्या बियावर कोरीव नक्षी असते, ती दुसऱ्या कशाशी मिसळत नाही. दोडका आणि गिलकं यांची रोपं पानांवरून वेगळी करणं फार कठीण, पण बियांवरून सोपं: दोडक्याचं काळं बी खडबडीत, खळग्यांचं, तर गिलक्याचं गुळगुळीत आणि कडेला पातळ पंखासारखी किनार असलेलं. पाकिटातल्या बियांना औषधाचा गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असला तरी आकार आणि कडा बदलत नाहीत. रंगावर जाऊ नका, बोटाने चाचपा.

दुसरा मुद्दा: चिरलेलं पान

टरबुजाची पानं खोल चिरलेली असतात, पण ती मोठ्या वेलावरची. पहिलं खरं पान बऱ्याचदा साधं, फार तर उथळ लहरी असलेलं येतं. चिरा दुसऱ्या पानात दिसू लागतात आणि तिसऱ्यात पक्क्या होतात. चिरांच्या मधली खाच गोलसर असते आणि पानाचा रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा. टरबुजाच्या काही जातींची पानं कधीच चिरली जात नाहीत, तो त्या जातीचा आनुवंशिक गुण आहे. म्हणून एका पानावर निकाल देऊन रोपं फेकली तर चांगली रोपं जातात. आणि उलट बाजूही बघा: माळावरचं इंद्रायण टरबुजाच्याच कुळातलं आहे. त्याचं पानही तसंच चिरलेलं असतं. नदीकाठच्या किंवा पडीक रानाला लागून असलेल्या वावरात ओळीबाहेर उगवलेलं चिरलेल्या पानाचं रोप टरबूज म्हणून सांभाळण्याआधी ते पेरलेल्या ओळीवर आहे का एवढं तपासा.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा भडगावकडे, गिरणेच्या काठच्या एका परसात फेब्रुवारीत डांगर, दुधी, टरबूज आणि काकडी एकेका आळ्यात लावली, चिठ्ठ्या पाण्याने वाहून गेल्या आणि आता पाच रोपं उभी आहेत. उगवून बारा दिवस झाले, प्रत्येकाला दोन खरी पानं आहेत.

पहिल्या रोपाचं दुसरं पान चिरायला लागलंय, रंग राखाडी आणि ते आळ्यात लावलेल्या जागीच आहे. ते टरबूज. दुसऱ्याचं पान कोनदार, हृदयाच्या आकाराचं, टोक अणकुचीदार, कडेला बारीक दात, आणि हात फिरवला तर खरखरीत. ती काकडी.

तिसरं आणि चौथं दोन्ही दांडगी, पानं रुंद. इथेच लोक अडकतात. आपल्याकडच्या डांगराच्या बहुतेक जातींची लव तशी मऊच असते, त्यामुळे «खरखरीत तर डांगर, मऊ तर दुधी» हेही पुरेसं नाही. आधी पान चुरगाळा: दुधीच्या पानाला उग्र, कस्तुरीसारखा वास येतो, आणि लव मखमली, बोटाला किंचित चिकट लागते. मग देठ जिथे पानाला मिळतो त्या सांध्यावर भिंग धरा. दुधीला तिथे दोन बारीक गाठी असतात, देठाच्या दोन बाजूंना एक-एक. डांगराला त्या नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर त्या साध्या भिंगातून दिसतात. डांगर-दुधीत निवाडा करायचा तर या गाठींवर करा, बाकी खुणा त्यांच्या मागे.

पाचवं रोप आळ्याच्या काठावर आहे. पान काकडीपेक्षा गोल, टोक बोथट, लव मऊ. हे खरबुजाच्या प्रजातीचं आहे. पण खरबूज कुणी लावलंच नव्हतं, तेव्हा ते शेणखतातून आलेलं शेंदाडही असू शकतं. शेंदाड आणि खरबूज या एकाच प्रजातीच्या दोन तऱ्हा आहेत, रोपावस्थेत पानावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. इथे थांबायचं आणि फळाची वाट बघायची, किंवा जागा हवी असेल तर ते काढून टाकायचं. पानावरून पीक कळतं. जात, संकर की गावरान, हे कळत नाही.

विकतच्या कलमी टरबूज रोपाची गोष्ट वेगळी. तिथे खालचं खोड बहुधा दुधीचं किंवा भोपळ्याचं असतं आणि जोडाच्या खाली उरलेलं बीजपत्रही त्याचंच. वरची पानं टरबुजाची. खालच्या बीजपत्राच्या बगलेतून फूट आली तर ती खालच्या खोडाची आहे, ती लगेच खुडायची.

तिसरा मुद्दा: पांढरे डाग

या मुद्द्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तो चांगली डांगराची रोपं उपटायला लावतो. डांगराच्या पुष्कळ जातींच्या पानांवर शिरांच्या कोनांत चंदेरी-पांढरे ठिपके मुळातच असतात. पानाच्या वरच्या सालीखाली तिथे हवेची पोकळी असते, म्हणून प्रकाश परावर्तित होऊन तो भाग पांढरा दिसतो. ही जातीची खूण आहे, आणि दुधीपासून डांगर वेगळं काढायला ती उलट उपयोगाचीच.

रोग किंवा कीड आहे का ते असं बघा. भुरी असेल तर पिठासारखी पांढरी बुरशी बोटाने पुसली जाते; चंदेरी ठिपका कितीही घासला तरी जात नाही. नागअळी असेल तर डाग नसतात, नागमोडी पांढऱ्या रेषा असतात, आणि त्या बीजपत्रांवरही दिसतात. पांढऱ्या माशीमुळे पान चंदेरी होतं तेव्हा सुरुवात शिरांपासून होते, मग पूर्ण पान चंदेरी होत जातं आणि पानाखाली माशीची पिल्लं सापडतात. विषाणूचा मोझॅक पांढरा नसतो. पिवळा-हिरवा, वेडावाकडा असतो आणि पान आक्रसतं, फुगवटे येतात. जातीचे ठिपके मात्र पानाच्या दोन्ही अर्ध्यांत साधारण सारखे, शिरांच्या कोनांतच बसलेले, आणि पान सपाट, तजेलदार असतं. मोझॅकची खात्री पटली तरच रोप काढा.

चौथा मुद्दा: चव

काकडीच्या बहुतेक जातींची बीजपत्रं आणि पानं कडूच असतात आणि तरीही फळ गोड येतं. पानाचा कडूपणा एका जनुकावर ठरतो, फळाचा दुसऱ्या. फक्त एकाच दिशेने ही चाचणी चालते: काकडीचं पान अजिबात कडू नसेल तर तिचं फळही कडू होत नाही. पान कडू लागलं तर फळाबद्दल काहीच कळत नाही. एप्रिलच्या उन्हात पाण्याचा ताण पडला की फळात कडूपणा वाढू शकतो, तो बीजपत्र चावून आधी कसा कळणार?

दुधी आणि डांगराची पानं चाखून बघू नका. यातला कडूपणा ज्या घटकांमुळे येतो ते जास्त प्रमाणात विषारी असतात. कडू दुधीच्या रसाने लोक गंभीर आजारी पडल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याबद्दल इशारा दिला आहे. घरचं राखलेलं बी असेल आणि मागच्या हंगामात जवळपास कडू दुधीचा वेल असेल, तर शंका घ्यायला जागा आहे, कारण परागाचा परिणाम त्या बियांतून या वर्षीच्या वेलात येतो. अशा वेलाच्या प्रत्येक फळाचा देठाकडचा छोटा तुकडा चिरण्याआधी जिभेला लावा, लगेच थुंका, आणि कडू लागला तर ते फळ पूर्ण टाका. रस काढायचा असेल तर हे दर वेळी करा, विकतच्या दुधीलाही.