संध्याकाळचा व्यायाम झोप उडवतो? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

«संध्याकाळी सहानंतर व्यायाम म्हणजे झोपेला विष! कॉर्टिसॉल वाढते, रात्रभर झोप लागत नाही. ब्रह्ममुहूर्तावर पहाटे ४ वाजता हवेत ४१% ऑक्सिजन असतो. तेव्हा रिकाम्या पोटी व्यायाम करा, दिवसभर ऊर्जा टिकेल. सर्वांना पाठवा.»

हे वाचून आमच्या मामींनी ऑफिसमधून आल्यावरचा व्यायाम बंद केला आणि पहाटे चारचा गजर लावला. त्या झोपतात साडेअकराला. आता दिवसभर डोकं जड असतं आणि ते «शरीराला सवय होईपर्यंत» असणारच, असं त्यांना ग्रुपवर सांगितलं जातंय. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी तो ऑक्सिजनचा आकडा, कारण तिथे थापेची हद्द झाली आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. पहाटे, दुपारी, मध्यरात्री, तेवढाच. तो खरंच दुप्पट झाला असता तर पहाटे गॅस पेटवणंसुद्धा धोक्याचं ठरलं असतं, कारण इतक्या ऑक्सिजनमध्ये कपडे आणि केस भराभर पेट घेतात. शिवाय झाडं ऑक्सिजन सोडतात ती उजेडात. चार वाजता अंधार असतो, तेव्हा झाडं आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरत असतात. हिवाळ्यात तर शहरातली पहाटेची हवा बऱ्याचदा दुपारपेक्षा वाईट असते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण राहतं आणि शेकोट्यांचा, कचऱ्याचा, वाहनांचा धूर त्याखाली अडकतो. ऊन चढल्यावरच तो वर जातो. दमा असलेल्या माणसाला डिसेंबरात पहाटे चारला पळायला पाठवणं हा सल्ला नव्हे.

पण खरं नुकसान होतं ते «दिवसभर ऊर्जा» या आश्वासनाने. मामींचा हिशोब करा. साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. जे अडीच तास कापले गेले ते नेमके शेवटचे. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात होते, स्वप्नांची झोप शेवटच्या भागात. म्हणजे गजराने स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा गेला. त्यात शरीराचं आतलं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत खाली असतं. साडेसहाला उठण्याची सवय असलेल्या माणसासाठी ती वेळ साडेचारच्या आसपास येते. स्नायू थंड, सांधे आखडलेले, मेंदू अर्धवट झोपेत. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्याउठल्या कमरेतून वाकल्यास त्यांच्यावर जास्त ताण येतो. कंबरदुखी असणाऱ्याने उठल्यावर पहिला तासभर सूर्यनमस्कार किंवा पुढे वाकण्याचे प्रकार टाळावेत.

व्यायामानंतर अर्धा-एक तास तरतरी येते, ती खरीच असते. मात्र झोपेची उधारी त्याने फिटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बसल्या जागी डोळे मिटत असतील, सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त झोप लागत असेल, किंवा तोच वेग, तेच अंतर आता जास्त दमवत असेल, तर ऊर्जा वाढलेली नाही, झोप कमी पडते आहे.

आता संध्याकाळ. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी प्रौढांवरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. हा आढावा २०१९ मध्ये 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला. संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडल्याचं एकूणात दिसलं नाही. गाढ झोपेचा वाटा उलट किंचित वाढला, सुमारे २० टक्क्यांवरून २१ वर. बिघाडाची शक्यता दिसली ती दमवणारा व्यायाम झोपण्याच्या तासाभर आधीपर्यंत चालला तेव्हा.

इथे त्या मेसेजला अर्धं सत्य द्यावं लागेल. २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या, मनगटी यंत्रांच्या नोंदींवरच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की व्यायाम जितका उशिरा आणि जितका जोरकस, तितकी झोप उशिरा लागते आणि रात्री नाडी जलद राहते. झोपेच्या चार तास आधी संपलेल्या व्यायामाचा असा परिणाम दिसला नाही. कारण सरळ आहे. झोप लागण्यासाठी आतलं तापमान उतरावं लागतं आणि नाडी मंदावावी लागते. जोरकस व्यायाम दोन्ही वर नेतो. पण यातून «सहानंतर नको» निघत नाही. घड्याळातले सहा महत्त्वाचे नाहीत, तुमची झोपण्याची वेळ महत्त्वाची आहे.

मामींसाठी म्हणजे काय? घरी सव्वासात. साडेसात ते आठ वाजून दहा मिनिटं भरभर चालणं आणि थोडे ताकदीचे व्यायाम, इतपतच की पूर्ण वाक्य बोलता यावं. पावणेनऊला जेवण, अकराला अंथरूण. मध्ये जवळजवळ तीन तास मिळतात आणि या जोराच्या व्यायामाला ते पुरतात. याउलट रात्री साडेनऊला बॅडमिंटनचे सामने खेळून अकराला झोपणाऱ्याला त्रास होऊ शकतो. शंका असेल तर अंथरुणावर पाच मिनिटं पडून नाडी मोजा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा. व्यायाम नसलेल्या रात्रीपेक्षा दहा-बारा ठोके जास्त असतील तर व्यायाम तासभर अलीकडे घ्या किंवा जोर कमी करा. आणि जिमला जाण्याआधी पावडर घेत असाल तर डब्यावर कॅफीन किती आहे ते पाहा. काहींच्या एका मात्रेत २०० मिलिग्रॅम असतं आणि पाच तासांनी त्यातलं जवळपास निम्मं रक्तात उरतं. झोप त्याने जाते, दोष वेळेला दिला जातो.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाबद्दल एवढंच: ते सर्वांत जास्त असतं सकाळी, उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात. हलक्या व्यायामाने ते फारसं वाढत नाही.

रिकाम्या पोटाचा सल्ला मात्र धोकादायक आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने औषध घेऊन न खाता व्यायाम केला तर रक्तातली साखर घसरू शकते. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं दिसलं किंवा साखर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर संध्याकाळच्या व्यायामानंतर रात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी मोजावी आणि डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

सकाळ खरोखर कोणाला उपयोगी? ज्यांना रात्री दोनपर्यंत झोपच येत नाही त्यांना. सकाळच्या उजेडातला व्यायाम शरीराचं घड्याळ अलीकडे आणतो. पण दोन ते नऊ झोपणाऱ्या मुलाला चारला उठवून दिव्याखाली व्यायाम करायला लावलं तर उलटंच होईल. त्याचं तापमान तळाला जातं सातच्या सुमाराला आणि त्याआधी मिळालेला प्रखर उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो. त्याने आधी नऊला उठून लगेच बाहेर उन्हात अर्धा तास चालावं, मग दर दोन-तीन दिवसांनी गजर १५ ते २० मिनिटं अलीकडे घ्यावा आणि झोपायची वेळही तेवढीच अलीकडे आणावी.