हो की नाही, एवढंच सांगा ना!

फ्रान्समधल्या एका युनिव्हर्सिटीच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल लिहून लिहून डोकं फिरलंय. स्कोलारिते म्हणतात तिकडे त्या कार्यालयाला. मास्टर्सची निवड झालीय, आता फक्त नाव नोंदवायचंय. विचारलं काय, तर मूळ पदवी प्रमाणपत्रच लागेल, की प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि सहा सेमिस्टरच्या मार्कशीट चालतील?

आपल्याकडे पदवी हातात पडते दीक्षांत समारंभानंतर. उन्हाळ्यात पास झालेल्या पोराला ती मिळेपर्यंत बऱ्याचदा पुढचं वर्ष उजाडतं. तिकडे वर्ग सप्टेंबरात सुरू! मग आणू कुठून, घरी छापू?

ईमेल रीतसर फ्रेंचमध्ये, बरं का. विषयात कोर्सचं नाव आणि अर्ज क्रमांक, वर 'मादाम, मस्यो', खाली ती दरबारी थाटाची लांबलचक सांगता. उत्तर आलं एका ओळीचं: कागदपत्रांची यादी वेबसाइटवर पाहावी. वेबसाइटवर लिहिलंय, 'पदवी किंवा समकक्ष दाखला. शंका असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा.' अहो, मग मी इतके दिवस काय करतोय?

आणि संताप कशाचा येतो सांगू? यांच्या स्वतःच्या पोरांनाही पदवी लगेच मिळत नाही. निकालानंतर त्यांना 'आतेस्तासियाँ द रेयुसित' देतात, म्हणजे पोरगा पास झालाय असं सांगणारा कागद, आणि त्यावर ती पोरं पुढच्या वर्गात प्रवेश घेतात. आमचं प्रोव्हिजनल वेगळं काय सांगतं हो?

बरं, हा नुसता चौकसपणा नाही. इंग्रजी कागद तसेच घेतात, की शपथबद्ध भाषांतरकाराकडून फ्रेंच करून घ्यायचे, हेही प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळं. हा भाषांतरकार तिथल्या अपील कोर्टाच्या यादीतला लागतो आणि पैसे पानागणिक घेतो. आज प्रोव्हिजनलचं भाषांतर करून घेतलं आणि उद्या म्हणाले मूळ पदवीच आणा, तर गेले ना पैसे पाण्यात! हेही ईमेलमध्ये विचारलं होतं. त्यावर चकार शब्द नाही.

पैसे भरायचं मात्र बरोब्बर लक्षात असतं. सीव्हीईसी नावाचं विद्यार्थी शुल्क, 2025-26 साठी 105 युरो, आधी ऑनलाइन भरायचं. त्याची पावती जोडल्याशिवाय नोंदणीच होत नाही. म्हणजे कागद चालतील की नाही ते माहीत नाही, पण पावती तयार ठेवा.

आता ऑगस्ट आलाय. ईमेल टाकला की क्षणात उत्तर येतं: उन्हाळी सुट्टीनिमित्त कार्यालय बंद, महिनाअखेरीस उघडेल. व्हिसाचं करायचं, तिकीट काढायचं, खोलीचं डिपॉझिट भरायचं, आणि हे गेले समुद्रावर. जा बाबांनो, खुशाल जा! पण जाण्याआधी त्या वेबसाइटवर 'प्रोव्हिजनल चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढं लिहून जायला काय हात दुखत होते?