ओव्हरटोन फिका असतो, पण वर रेणू कमी म्हणून नाही

"दोन अणूंचा रेणू म्हणजे स्प्रिंगला जोडलेले दोन गोळे. सिलेक्शन रूल Δv = ±1, म्हणून ओव्हरटोन वर्ज्य. तरी तो दिसतो, कारण थोडे रेणू उष्णतेनं वरच्या पातळीत गेलेले असतात. ते फारच थोडे, म्हणून ओव्हरटोन फिका. आणि तो मूळ वारंवारतेच्या बरोबर दुप्पट असतो, सतारीच्या तारेसारखा."

नागपुरात एम.एस्सी.ची आणि नेटची तयारी करणाऱ्या पोरांच्या वह्यांत हा उतारा मला इतक्यांदा दिसला, की आता अक्षर वेगळं असलं तरी वाक्यं पाठ झालीत. पहिलं वाक्य सुरुवातीपुरतं चालेल. v म्हणजे कंपनाच्या पातळीचा क्रमांक, आणि ओव्हरटोन म्हणजे मूळ पट्टीच्या साधारण दुप्पट वारंवारतेवर दिसणारी फिकी पट्टी. सगळ्यात जास्त घोळ उष्णतेच्या वाक्यात आहे, म्हणून आधी तेच घेतो.

हायड्रोजन क्लोराइड घ्या. त्याची मूळ पट्टी, म्हणजे v = 0 पासून v = 1 ची उडी, २८८६ सेंमी⁻¹ वर आहे. २७ अंश सेल्सिअसला kT, म्हणजे उष्णतेच्या ऊर्जेचं माप, साधारण २०८ सेंमी⁻¹ भरतं. म्हणजे पायरी kT च्या जवळजवळ चौदापट उंच, आणि v = 1 मध्ये सापडणार दहा लाखांत एक रेणू. हे गणित फळ्यावर झालं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मंग मे महिन्यात ओव्हरटोन जास्त दिसंन का?" वर्ग हसला, पण प्रश्न अगदी नेमका होता. ४६ अंशाला हिशेब पुन्हा केला तर दहा लाखांत एकाचे दोन होतात. उतारा खरा असता, तर नागपूरच्या उन्हाळ्यात ओव्हरटोनची तीव्रता दुप्पट व्हायला हवी होती. तसं होत नाही. शिवाय मोजलेला पहिला ओव्हरटोन मूळ पट्टीच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्याइतका असतो. कुठे चाळिसावा हिस्सा आणि कुठे दहा लाखावा!

कार्बन मोनॉक्साइडनं तर उताऱ्याची पंचाईतच होते. त्याची मूळ पट्टी २१४३ सेंमी⁻¹ वर, म्हणजे पायरी बुटकी. त्यामुळे त्याच तापमानाला v = 1 मध्ये दहा लाखांत चौतीसेक रेणू असतात, हायड्रोजन क्लोराइडपेक्षा तीसपटीहून जास्त. मग त्याचा ओव्हरटोन तुलनेनं ठळक हवा. प्रत्यक्षात तो मूळ पट्टीच्या सव्वाशेव्या हिश्श्याच्या आसपास असतो, उलट आणखी फिका.

कारण साधं आहे. ओव्हरटोनही v = 0 पासूनच सुरू होतो आणि थेट v = 2 वर जातो. मूळ पट्टीला जेवढे रेणू उपलब्ध, तेवढेच यालाही. उष्णतेनं वर गेलेल्या रेणूंची पट्टी वेगळीच असते. तिला हॉट बँड म्हणतात, ती v = 1 ते v = 2 अशी आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये २७८२ सेंमी⁻¹ वर. म्हणजे ती ओव्हरटोनच्या जागी नाही, मूळ पट्टीच्या P शाखेच्या, म्हणजे केंद्राच्या खालच्या बाजूच्या, रेषांमध्येच दडलेली असते. उतारा लिहिणाऱ्यानं या दोन पट्ट्यांची गल्लत केली आहे.

मग वर्ज्य उडी होते कशी? Δv = ±1 हा नियम दोन गृहीतकांवर उभा आहे. एक, स्थितिज ऊर्जेचा आलेख अचूक पॅराबोला आहे. दोन, बंध ताणला की डायपोल सरळ रेषेत बदलतो. दोन्ही खरी असतील तरच v = 0 पासून v = 2 ची उडी शून्य.

पहिलं खरं नाही हे कुणालाही पटतं. अणू जवळ दाबले तर प्रतिकार झपाट्यानं वाढतो, लांब ओढले तर बंध सैल होत शेवटी तुटतो. आलेखाची आतली भिंत उभी, बाहेरची पसरट. अशा खोलगटात कंपनाच्या अवस्था शुद्ध राहत नाहीत. v = 2 मध्ये आदर्श दोलकाच्या v = 1 चा थोडा अंश मिसळतो आणि त्या अंशापुरती उडी शक्य होते.

दुसऱ्या गृहीतकाकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. हायड्रोजन क्लोराइड वायूचा बंध ओढत ओढत तोडला तर शेवटी हाती हायड्रोजन आणि क्लोरीनचे उदासीन अणू लागतात, आयन नव्हे. म्हणजे डायपोल आधी वाढतो आणि पुढे शून्याकडे उतरतो. अशी वक्र रेषा असली, की डायपोलच्या सूत्रात अंतराचा वर्ग येतो, आणि वर्गाचं पद दोन पायऱ्यांची उडी थेट घडवतं. आलेख अगदी पॅराबोला असला तरीसुद्धा! दोन्ही परिणामांची चिन्हं सारखी असली तर बेरीज होते, उलट असली तर वजाबाकी. म्हणून तीव्रतेचं भाकीत पट्टीच्या जागेच्या भाकितापेक्षा फार अवघड.

तरी अंदाज बांधता येतो. मोर्सचा आलेख, म्हणजे आतून उभ्या आणि बाहेरून पसरट खोलगटाचं सूत्र, आणि सरळ डायपोल धरला, तर पहिला ओव्हरटोन आणि मूळ पट्टी यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर साधारण xₑ इतकं येतं. xₑ म्हणजे आलेखाच्या वाकडेपणाचं माप. हायड्रोजन क्लोराइडला xₑ ०.०१७७ आहे, म्हणजे सत्तावन्नावा हिस्सा. कार्बन मोनॉक्साइडला ०.००६१, म्हणजे एकशे साठावा. मोजलेले आकडे चाळिसावा आणि सव्वाशेवा. तंतोतंत जुळत नाहीत, कारण डायपोलची वक्रता धरलेलीच नाही, पण क्रम आणि पट बरोबर येतात. हलका हायड्रोजन लांबवर झोके घेतो, आलेखाचा वाकडेपणा त्याला जास्त जाणवतो, म्हणून त्याचा ओव्हरटोन तुलनेनं ठळक.

आता सतार. तारेला कंपनाचे अनेक प्रकार असतात आणि ते एकाच वेळी वाजतात. दोन अणूंच्या रेणूला कंपनाचा प्रकारच एक. ओव्हरटोन म्हणजे त्याच शिडीवर दोन पायऱ्यांची एक उडी. आणि पायऱ्या सारख्या नाहीत:

G(v) = ωₑ(v + ½) − ωₑxₑ(v + ½)²

२८८६ ची दुप्पट ५७७२, पट्टी मात्र ५६६८ वर. १०४ चा हा फरक म्हणजे 2ωₑxₑ. म्हणून ωₑxₑ = ५२ आणि ωₑ = २८८६ + १०४ = २९९०. स्प्रिंगचा स्थिरांक काढताना हाच आकडा वापरायचा, तेव्हा ५१६ न्यूटन प्रति मीटर येतो. २८८६ घातलं तर ४८१ येतो, परीक्षेत बरीच उत्तरं अशी सापडतात. याच दोन आकड्यांवरून मोर्सनं बंध तुटण्याची ऊर्जा काढायला गेलात तर मात्र ती प्रत्यक्षापेक्षा सोळा टक्क्यांनी जास्त निघते. तळातल्या दोन पायऱ्यांवरून शिडीचं वरचं टोक कळत नाही.

"पण आम्हाला ओव्हरटोन कधी दिसलाच नाही" असंही पोरं म्हणतात. मलाही नव्हता दिसला. विद्यार्थी असताना मी अर्धा दिवस सेलची गळती शोधत बसलो होतो आणि यंत्र ४००० सेंमी⁻¹ ला थांबत होतं. नेहमीच्या एफटीआयआरची मजल तेवढीच असते. ५६६८ म्हणजे १.७६ मायक्रॉन, निअर इन्फ्रारेड. तिथे साधी काचही पारदर्शक असते, पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्यांची गरज नाही. वायू एवढा भरावा लागतो, की मूळ पट्टीच्या रेषा तळाला टेकून निरुपयोगी होतात, त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकाच भरणीत मोजू नका.

आणि आलेख मिळाला की ५७७२ च्या जवळ, ५७६८ च्या आसपास, खरंच एक रेषा दिसेल. ती पाहून "बघा, बरोबर दुप्पट" म्हणणारे मी पाहिलेत. ती R शाखेतली, म्हणजे केंद्राच्या वरच्या बाजूच्या रेषांमधली, R(5) आहे. पट्टीचं केंद्र P आणि R शाखांच्या मधल्या मोकळ्या जागेत शोधायचं, जिथे रेषाच नसते.